बटणाला अख्खा कॅनव्हास

स्टेबल डिफ्यूजनने काढलेल्या चित्रात चेहरा नीट येतो, कापडाच्या चुण्याही बऱ्यापैकी जमतात. पण जॅकेटचं बटण जवळून पाहिलं की तो एक तपकिरी ठिपका निघतो. भोकं नाहीत, दोरा नाही. चेनचे दात एकमेकांत विरघळलेले असतात आणि कॉलरची टीप अर्ध्यावरच कापडात मुरते. मॉडेलला बटण माहीत नसतं असं नाही. त्याच मॉडेलकडून नुसतं एक मोठं बटण काढून घेतलं तर ते उत्तम काढतं. मोठ्या चित्रात त्या बटणाच्या वाट्याला जागाच फार थोडी येते.

हे मॉडेल थेट पिक्सेलवर काम करत नाही. चित्र आधी एका दाबलेल्या रूपात मांडलं जातं आणि त्यात आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनामागे एकच घर असतं. 512 बाय 512 पिक्सेलचं चित्र आतमध्ये फक्त 64 बाय 64 घरांचं असतं. 2023 साली आलेल्या एसडीएक्सएलचं नेहमीचं 1024 बाय 1024 चं चित्र 128 बाय 128 घरांत बसतं. आता 1024 बाय 1536 पिक्सेलचं एक चित्र घेऊ: जाड खाकी कापडाचं जॅकेट घातलेला माणूस, समोर चेन, छातीच्या दोन्ही खिशांच्या झाकणांवर चार भोकांची बटणं. त्यातलं बटण 16 पिक्सेल रुंद असेल, तर आडव्या दिशेने त्याच्या वाट्याला दोन घरं येतात. दोन घरांत चार भोकं आणि त्यांतून गेलेला दोरा कसा मावणार?

उपाय असा, की बटणाभोवतीचा छोटा भाग मास्कने झाकायचा, तेवढाच तुकडा कापून मोठा करायचा, मॉडेलकडून पुन्हा काढून घ्यायचा आणि लहान करून जागच्या जागी चिकटवायचा. `AUTOMATIC1111` या वापरपटलावर इनपेंटच्या पानात `Inpaint area` पुढे `Only masked` निवडलं की हे सगळं आपोआप होतं. मास्कला पुरेसा होईल असा आयत आखला जातो, `Only masked padding, pixels` मध्ये दिलेला समास त्याच्या चारी बाजूंना वाढवला जातो (ठरलेला आकडा 32) आणि तो तुकडा रुंदी-उंचीच्या रकान्यांतल्या मापापर्यंत ताणला जातो. बटणाभोवतीचा मास्क 192 पिक्सेल रुंद-उंच असेल, तर समासासह तुकडा 256 चा होतो. माप 1024 ठेवलं असेल तर तो चौपट वाढतो, म्हणजे 16 पिक्सेलचं बटण 64 चं होतं. दोनऐवजी आठ घरं मिळाली, की भोकं दिसू लागतात.

पण हा तुकडा शेवटी पुन्हा 256 वर आणला जातो. बटण कितीही रेखीव निघालं, तरी चित्रात परतताना ते 16 पिक्सेलचंच राहतं आणि प्रत्येक भोकाला जेमतेम एक-दोन पिक्सेल उरतात. काठ जरा स्पष्ट होतो, एवढंच. म्हणून आधी पूर्ण चित्र साध्या अपस्केलरने दुप्पट, म्हणजे 2048 बाय 3072 करून घ्यावं आणि मग मास्क लावावा. तेव्हा बटण 32 पिक्सेलचं असतं. तोच 192 चा मास्क लावला तर मॉडेलपुढे ते 128 पिक्सेलचं होऊन येतं, सोळा घरं घेतं आणि परतल्यावरही भोकं व दोरा टिकावेत इतकी जागा त्याला असते. घाईत हीच पायरी बहुधा गाळली जाते, आणि मग दोष मॉडेलच्या माथी मारला जातो.

चेनच्या बाबतीत आकाराचा सापळा वेगळा आहे. दुप्पट केलेल्या चित्रात चेन 80 पिक्सेल रुंद आणि 1400 पिक्सेल लांब आहे असं धरू. ती एका दमात मास्क केली, तर समासासह पट्टी 144 बाय 1464 ची होते. माप चौरस असल्यामुळे तुकडाही चौरस करावा लागतो, म्हणजे 1464 बाय 1464. आणि तो 1024 मध्ये बसवायचा तर मोठा होण्याऐवजी लहानच होतो! चेन पहिल्यापेक्षा बुळबुळीत होऊन परतते. दोन खिशांची दोन बटणं एकाच मास्कमध्ये रंगवली तरी हेच होतं, कारण आयत दोघांना कवेत घेतो. चेन 350 पिक्सेलच्या भागांत, वरून खाली घ्यावी. मग तुकडा 414 चा राहतो आणि सुमारे अडीचपट वाढतो. नवा भाग आधीच्या भागावर थोडा चढवला, की झालेले दात समासात दिसतात आणि पुढचे दात साधारण त्याच अंतराने पडतात. रनरचा भाग मात्र स्वतंत्र घ्यावा, नाहीतर एका चेनला दोन रनर लागण्याचा प्रकार घडतो.

तुकडा फार आवळला तर मॉडेलला संदर्भ उरत नाही. नुसती खाकी पार्श्वभूमी आणि मधोमध गोल वस्तू, एवढंच त्याला दिसतं. त्याचं नाणं होतं, क्वचित डोळाही. अशा वेळी समास 64 किंवा 96 करावा. दुसरी युक्ती म्हणजे थोड्या अंतरावर, साध्या कापडावर मास्कचा एक बारीक ठिपका द्यावा. आयत तिथपर्यंत पसरतो आणि खिशाची कड आत येते. प्रॉम्प्टही तुकड्यापुरताच हवा. मूळ प्रॉम्प्टमधला ‘जॅकेट घातलेला माणूस’ तसाच ठेवला, तर खिशाच्या झाकणावर एक छोटा माणूस उगवू शकतो. इथे एवढं पुरतं:

```
close-up of khaki canvas pocket flap, four-hole button, sewn thread
```

`Denoising strength` चा ठरलेला आकडा 0.75 असतो, या कामासाठी तो जास्त आहे. त्यावर बटण जागा बदलतं, झाकणाचा आकारही बदलतो. 0.2 च्या आसपास जुना ठिपकाच जरा घासून पुसून परत येतो. साधारण 0.35 ते 0.5 मध्ये बटण जागेवर राहून तपशील भरला जातो. चेन अगदीच विरघळलेली असेल तर थोडं वर जावं लागतं.

टीप सगळ्यात अवघड, कारण ती मास्कच्या हद्दीत संपत नाही. आतले टाके नवे आणि बाहेरचे जुने, त्यामुळे हद्दीवर ओळ एक-दोन पिक्सेलने सरकते किंवा टाक्यांची लांबी बदलते. `Mask blur` ने हद्द मऊ होते, पण दोन न जुळणाऱ्या ओळी तिथे एकमेकींत मिसळून धूसर डाग पडतो. त्यापेक्षा मास्कची हद्द टीप जिथे थांबते तिथेच न्यावी: खिशाचा कोपरा, कॉलरचं टोक, चुणीची सावली. शिवाय साध्या कापडावर तुकड्याचा रंग किंचित बदललेला असतो. तो मोठा करून पाहताना लक्षात येत नाही; पूर्ण चित्र पडद्यात बसवून आधीचं आणि नंतरचं आलटून पालटून पाहिलं की चौकोन उठून दिसतो. कॅमेऱ्याच्या फोकसबाहेर गेलेल्या बाहीवरचं बटण तर धूसरच सोडावं, कारण ते रेखीव झालं की कापडावर चिकटवल्यासारखं वाटतं.

हा सगळा तपशील मॉडेलने रचलेला असतो, सापडलेला नसतो. भोकं चार की दोन, इंचात टाके किती, रनरवर कोणतं चिन्ह, हे त्या ठिपक्यात मुळात नव्हतंच. कथाचित्रात किंवा मुखपृष्ठावर त्याने काही बिघडत नाही. पण विक्रीच्या खऱ्या जॅकेटचा फोटो असेल, तर गिऱ्हाइकाच्या हाती पडणारं बटण आणि फोटोतलं बटण वेगळं निघेल; तिथे कॅमेरा जवळ नेऊन पुन्हा फोटो काढण्याला पर्याय नाही.