टायरची कड काय सांगते?

घरातल्या मोटारसायकलचा मागचा टायर वाकून पाहा. बहुतेक वेळा मधला भाग झिजलेला आणि दोन्ही कडांना बोटभर पट्टा कोरा दिसेल. तरुण मुले या पट्ट्याला भित्रेपणाची खूण म्हणतात. खरे तर तो एवढेच सांगतो, की गाडी वळणावर तिथवर झुकलेली नाही.

काळजी करायची ती मधल्या झिजेची. टायरच्या गोलाईमुळे गाडी सहज झुकते. रोज सरळ हायवेवर धावून मधला भाग सपाट झाला, की त्याच्या दोन्ही बाजूंना उंचवटा तयार होतो. अशी गाडी आंबा घाटात नेली, तर वळणावर आधी झुकायला जड जाते आणि उंचवटा ओलांडताच एकदम आत पडते. हात फिरवून हा सपाटपणा जाणवत असेल, तर कडेची नक्षी शिल्लक असली तरी टायर बदलावा.

कोरी कड घासण्यासाठी मुद्दाम झुकू नये. सकाळी रबर थंड आणि कडक असते, पकड कमी असते. म्हणून पहिले काही किलोमीटर वळणे सावकाश घ्यावीत. आणि वाळू पसरलेल्या वळणावर तापलेला टायरही घसरतोच.