बचत खात्यावरचं व्याज बरोबर जमा झालंय का?

पासबुकात तीन महिन्यांनी व्याजाची एक ओळ उमटते आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवून पान उलटतो. ती ओळ तपासायला पासबुक आणि साधा कॅल्क्युलेटर पुरे.

१ एप्रिल २०१० पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असे, तिच्यावरच व्याज मिळे. रिझर्व्ह बँकेने त्या दिवसापासून रोजच्या शिलकेवर व्याज देणं बँकांना बंधनकारक केलं. इथे शिल्लक म्हणजे दिवस संपतानाची शिल्लक. सकाळी भरलेले पैसे संध्याकाळी काढले, तर त्यांच्यावर काहीच मिळत नाही.

समजा, दर २.५ टक्के आहे आणि तिमाही जुलै ते सप्टेंबर. १ जुलैला खात्यात ४०,००० रुपये होते. १० जुलैला ३०,००० जमा झाले, ५ ऑगस्टला ५०,००० काढले आणि १ सप्टेंबरला २५,००० भरले. प्रत्येक शिल्लक जितके दिवस टिकली, त्या दिवसांनी तिला गुणायचं:

४०,००० × ९ दिवस = ३,६०,०००
७०,००० × २६ दिवस = १८,२०,०००
२०,००० × २७ दिवस = ५,४०,०००
४५,००० × ३० दिवस = १३,५०,०००

दिवसांची बेरीज ९२ झाली, म्हणजे एकही दिवस सुटलेला नाही. गुणाकारांची बेरीज ४०,७०,०००. तिला २.५ ने गुणून ३६,५०० ने भागलं की २७८.७७ येतात. बँक पूर्ण रुपयात व्याज देते, म्हणून २७९.

आता पासबुकात २६४ च दिसले तर? १५ रुपयांचा फरक उलट्या वाटेने सोडवायचा. १५ ला ३६,५०० ने गुणून २.५ ने भागलं, तर २,१९,००० येतात. त्याला ३०,००० ने भागलं की साधारण सात. म्हणजे १० जुलैची रक्कम बँकेने १७ जुलैपासून धरली असावी. ती धनादेशाची असेल, तर खातेउताऱ्यातली ‘व्हॅल्यू डेट’ पाहा. व्याज त्या तारखेपासून सुरू होतं.

मात्र तक्रारीआधी दोन गोष्टी पाहाव्यात. तिमाहीच्या मध्येच दर बदलला असेल, तर बदलाच्या दिवशी हिशेब तोडून दोन्ही भाग वेगळे काढावे लागतात. शिवाय काही बँका महिनाअखेरीऐवजी २५ तारखेच्या सुमारास व्याज जमा करतात. मग दिवस त्या मुदतीप्रमाणेच मोजायचे. एक रुपयाचा फरक पूर्णांकामुळे पडू शकतो.

त्याहून मोठा फरक उरलाच, तर असा तक्ता जोडून शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. नुसतं ‘व्याज कमी आलं’ म्हणण्यापेक्षा कोणती रक्कम किती दिवस धरली नाही हे दाखवलं, तर बँकेला त्याच नोंदीचा खुलासा करावा लागतो.