ताप उतरला, पुरळ आलं

दहा महिन्यांच्या बाळाचं एक नेहमीचं उदाहरण घेऊ. सोमवारी संध्याकाळी अचानक १०३ ताप येतो. सर्दी नाही, खोकलाही फारसा नाही. पॅरासिटामॉलने ताप दोन-चार तास उतरतो आणि पुन्हा चढतो. ताप उतरला की बाळ रांगतं, दूध पितं, चमचा आपटतं. मंगळवारी जवळचे डॉक्टर अँटिबायोटिकचं सिरप लिहून देतात. बुधवारी ताप तसाच असतो. गुरुवारी सकाळी मात्र अंग गार लागतं, घरच्यांना हायसं वाटतं, आणि दुपारी अंघोळ घालताना आईला दिसतं की छातीवर, पोटावर, पाठीवर गुलाबी बारीक पुरळ उठलंय. संध्याकाळपर्यंत ते मानेवर आणि दंडावर पसरतं.

आजी म्हणते गोवर आला. शेजारीण म्हणते सिरप अंगावर उठलं. बहुतेक वेळा दोघींचंही चुकलेलं असतं. हा रोझिओला. तो नागिणीच्या कुळातल्याच एका विषाणूमुळे होतो, साधारण सहा महिने ते दोन वर्षं या वयात येतो आणि आपला आपण जातो. तीन ते पाच दिवस चढा ताप, तो उतरल्यावर पुरळ, हा त्याचा क्रम. पुरळ एक-दोन दिवसांत मावळतं आणि त्याला कसलंही औषध लागत नाही.

गोवराचा क्रम उलटा असतो. त्यात तापाबरोबर खोकला, नाक गळणं, लालभडक डोळे हे आधी तीन-चार दिवस असतं. मग पुरळ कानामागे आणि कपाळावर केसांच्या रेषेशी सुरू होऊन खाली उतरतं, आणि ते फुटतं तेव्हा ताप कमी होत नाही, वाढतो. मूल चिडचिडं आणि मलूल दिसतं. गोवराचं मूल डॉक्टरांना दाखवायलाच हवं, कारण त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो आणि 'अ' जीवनसत्त्वाचा डोस द्यावा लागतो. मात्र दवाखान्यात नेण्याआधी फोन करून सांगा. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत हे मूल इतरांना गोवर देऊ शकतं, आणि बाहेर रांगेत नऊ महिन्यांच्या आतली, लस न झालेली बाळं बसलेली असतात.

सिरपबद्दलही दोन शब्द, कारण ही चूक वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. रोझिओलाचं पुरळ नेमकं अँटिबायोटिकच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतं आणि फाईलवर 'ॲलर्जी' असा शिक्का बसतो. पुढे खरी गरज पडेल तेव्हा त्या मुलाला साधं, स्वस्त औषध नाकारलं जातं. गांधी एका जागी उठते, काही तासांत तिथून जाऊन दुसरीकडे उठते, खूप खाजते, ओठ-डोळे सुजतात, तेव्हा ॲलर्जीचा संशय रास्त आहे. ताप गेल्यावर आलेल्या, न खाजणाऱ्या गुलाबी ठिपक्यांसाठी डॉक्टरांना विचारा की शिक्का खरंच मारायचा का.

आता हाच प्रसंग सहा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत, ऑगस्टमध्ये. चार दिवस ताप, डोकं आणि अंग दुखतंय, चेहरा लालसर. पाचव्या दिवशी ताप उतरतो. घरचे म्हणतात, सुटलो. पण मुलगी खेळायला उठत नाही. पोट दुखतं म्हणते, दोन-तीनदा उलटी होते, सकाळपासून लघवीला गेलेली नाही, हातपाय गार आहेत, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. ताप गेला म्हणून दवाखाना टाळला जातो, तो नेमका याच दिवशी.

डेंग्यूत धोक्याचा काळ ताप असतानाचा नव्हे, तो ताप उतरताना सुरू होतो आणि साधारण एक-दोन दिवस टिकतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी झिरपून पोटात आणि छातीत साचतं. रक्त घट्ट होतं, रक्तदाब ढासळतो. घरचे प्लेटलेटच्या आकड्यावर डोळे लावून बसतात, पण डॉक्टर त्याच रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय, हेही पाहत असतात. या वेळी मोजून दिलेलं सलाईन मुलाला वाचवतं. हा टप्पा ओलांडल्यावर काही मुलांच्या हातापायांवर लालबुंद, खाजरं पुरळ येतं आणि त्यात मधे मधे पांढरे गोल ठिपके राहतात. मूल जेवायला मागत असेल, लघवी भरपूर होत असेल, तर ते बरं होण्याचं पुरळ आहे.

म्हणजे 'ताप उतरला आणि अंगावर उठलं' या एकाच वाक्याचे दोन अर्थ होतात. फरक पुरळात शोधण्याआधी मुलात शोधा. ताप नसताना मूल नेहमीसारखं आहे का? ताप गेल्यावर मूल आणखी मलूल झालं, तर ते बरं होत नाहीये.

पुरळाचीही एक साधी परीक्षा आहे. पारदर्शक काचेचा ग्लास घ्या, त्याची बाजू पुरळावर दाबा आणि काचेतून बघा. रोझिओलाचं पुरळ दाबल्यावर फिकं पडतं, कारण रक्त वाहिन्यांच्या आतच असतं आणि दाबाने बाजूला सरकतं. ठिपका जसाच्या तसा दिसला, तर रक्त त्वचेत झिरपलेलं आहे. डेंग्यूत तसं होतं, आणि मेनिंगोकॉकस नावाच्या जिवाणूच्या संसर्गातही होतं. हा आजार आपल्याकडे विरळा आहे, पण त्यात ठिपक्यांचे जांभळे डाग व्हायला काही तास पुरतात. जोरात खोकून किंवा उलट्या होऊन फक्त चेहऱ्यावर आणि मानेवर असे ठिपके येऊ शकतात. ते बहुधा निरुपद्रवी असतात, पण ते ठरवणं डॉक्टरांवर सोडा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून तळहात, तळपाय, टाळू आणि खालच्या पापणीची आतली बाजू उजेडात बघा. आणि पुरळ फिकं पडलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. मेनिंगोकॉकसचं पुरळ सुरुवातीला फिकं पडू शकतं.

तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा: घरात गुरं, कुत्री आहेत का, मूल गवतात, रानात खेळलं का. गोचिडीतून येणारा रिकेट्शियाचा ताप आपल्या खेड्यांत आहे. तो ठरावीक अँटिबायोटिकनेच हटतो आणि संशय घेतल्याशिवाय सापडत नाही. तसंच, ताप पाच दिवसांहून जास्त टिकला, डोळे लाल पण चिपाड नाही, ओठ फाटलेले, जीभ लालभडक, हातपाय सुजलेले असं दिसलं, तर कावासाकी आजाराचा विचार करावा लागतो. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात आणि इंजेक्शन दहा दिवसांच्या आत मिळालं तर तो धोका बराच कमी होतो.

ताप असलेल्या मुलाला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या, दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घरच्या घरी देऊ नका. डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढतो. आणि ग्लास दाबून फिकं न पडणारं पुरळ, गार हातपाय, श्वासाची धाप, आखडलेली मान, न थांबणारी उलटी, सहा तास लघवी नाही किंवा नीट जागं न होणारं मूल, यातलं काहीही दिसलं तर रात्र सरायची वाट पाहू नका. सरळ मुलांच्या रुग्णालयात जा.