रेंज फुल, नेट गुल

पुण्याहून मुलाकडे दुबईला निघालेल्या एका आईचं उदाहरण घेऊ. घरचं सिम फोनमध्ये तसंच ठेवून त्यांनी प्रवासापुरतं ई-सिम घेतलं. दुबईत उतरल्यावर दोन्ही सिमना फुल रेंज आली, पण व्हॉट्सअॅपचा मेसेज काही जाईना.

रेंजच्या दांड्या एवढंच सांगतात, की टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत नीट येतो आहे. इंटरनेटसाठी फोनला आणखी एक जोडणी मागावी लागते आणि रोमिंगमध्ये ती बहुधा सिम देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेतून फिरून येते. दांड्यांशेजारी 4G किंवा 5G ही अक्षरं दिसत नसतील, तर बहुधा ही जोडणीच झालेली नाही.

सर्वांत आधी मोबाइल डेटासाठी कोणतं सिम निवडलं आहे ते पाहावं. ते घरचंच राहिलं असेल, तर ई-सिममध्ये भरलेला पॅक पडून राहतो.

त्यानंतर Data roaming. इथे मोठ्या बिलाच्या भीतीने माणसं अडखळतात. भीती खरी आहे, पण ती घरच्या सिमपुरती. प्रवासाचं ई-सिम अनेकदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं, त्यामुळे दुबईतही ते रोमिंगवरच चालतं. हे बटण प्रत्येक सिमला वेगळं असतं. ई-सिमचं चालू करावं आणि रोमिंग पॅक घेतलेला नसेल तर घरच्या सिमचं बंदच ठेवावं. या आईंचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं.

एवढ्यानेही भागलं नाही, तर एपीएन पाहावा. इंटरनेटची जोडणी कोणत्या दारातून मागायची, त्या दाराचं हे नाव. भारतात एअरटेलचं airtelgprs.com, जिओचं jionet. ई-सिमचं नाव विक्रेत्याच्या ईमेलमध्ये असतं. अँड्रॉइडवर सिमच्या सेटिंगमध्ये Access Point Names उघडून ते जसंच्या तसं भरावं, शेवटी मोकळी जागा राहू देऊ नये. सेव्ह केल्यावर त्या नावापुढच्या गोलावर टिचकी मारून ते निवडावंही लागतं. ही शेवटची पायरी फार जणांकडून राहते. मग विमान मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करावा.

परत आल्यावर हीच तक्रार उलट्या बाजूने येते. रेंज घरच्या सिमची दिसते, पण डेटा अजून संपलेल्या ई-सिमवर लावलेला असतो. आयफोनवर काही ई-सिमसाठी प्रोफाइल बसवायला सांगतात. ते एपीएन बदलतं, म्हणून General मधल्या VPN & Device Management मध्ये जाऊन काढून टाकावं. अँड्रॉइडवर घरच्या सिमचा एपीएन चुकून बदलला असेल, तर Reset to default पुरेसं होतं.

सगळं नेटवर्क सेटिंग रीसेट करण्याची घाई मात्र नको. त्यात वायफायचे पासवर्ड जातात, आणि काही फोन त्याच वेळी ई-सिम पुसण्याचा पर्यायही पुढे करतात. पुसलेलं ई-सिम जुन्याच क्यूआर कोडने पुन्हा बसेल याची खात्री नसते.