गिरवणं म्हणजे लिहिणं नव्हे

हस्ताक्षराचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच ‘मोत्यासारख्या अक्षरा’कडे वळते. जगात वाद वेगळाच चालू आहे. फिनलंडने 2016 च्या अभ्यासक्रमात अक्षरं जोडून लिहिण्याच्या वळणाची सक्ती काढून टंकलेखनाला जागा दिली, तर कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये कायदा करून पहिली ते सहावीसाठी तेच वळण परत आणलं. पण वळण कोणतं, यापेक्षा हात किती सहज चालतो हा प्रश्न मोठा आहे.

अमेरिकेत व्हर्जिनिया बर्निंगर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये अक्षरं काढताना अडखळणाऱ्या, पहिलीतल्या 144 मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी नुसतं पाहून उतरवलं, काहींनी शिक्षकांच्या हालचालीची नक्कल केली. एका गटाला मात्र क्रमांकित बाण काढलेलं अक्षर दाखवायचं, मग झाकायचं आणि आठवून लिहायला सांगायचं. वीस-वीस मिनिटांच्या 24 तासिकांनंतर हाच गट सरस ठरला. त्यांचं अक्षर तर सुधारलंच, शिवाय ठरावीक वेळात त्यांच्या हातून मजकूरही जास्त लिहून झाला.

कारण साधं आहे. ‘र’ कुठून सुरू करायचा हे आठवण्यातच लक्ष खर्च झालं, तर वाक्याचा पुढचा शब्द निसटतो. गिरवताना आठवावं लागतच नाही. रेघ आधीच समोर असते. करिन जेम्स यांनी 2012 मध्ये वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांच्या मेंदूचं स्कॅन केलं. वाचनाशी निगडित भाग स्वतःच्या हाताने काढलेल्या अक्षरांना जसा प्रतिसाद देत होता, तसा गिरवलेल्या किंवा कळ दाबून उमटवलेल्या अक्षरांना देत नव्हता.

हे प्रयोग रोमन लिपीवरचे. देवनागरीत आणखी एक पेच आहे: ‘कि’ ऐकताना आधी क येतो, पण हाताने लिहिताना वेलांटी आधी काढावी लागते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर मात्र क आधी, वेलांटी नंतर. दोन्ही शिकणाऱ्या मुलाला हा फरक सांगावा लागतो. तो आपोआप कळत नाही.

अडचण हाताची की विचारांची, हे ओळखायला शिक्षकांनी मुलाला आधी गोष्ट तोंडी सांगू द्यावी, मग तीच लिहायला लावावी. तोंडी भरभरून आणि वहीत दोनच ओळी आल्या, तर शंका हातावर घ्यावी. तोंडीही दोनच वाक्यं आली, तर कित्त्याने काही होणार नाही; तिथे बोलतं करायला हवं.

म्हणून शिक्षकांना विनंती: दुरेघी वहीची पानंच्या पानं भरून घेऊ नका. रोज दहा मिनिटं, दोन-तीन अक्षरं, दाखवून, झाकून, आठवून; आणि लगेच त्याच अक्षरांचं मुलाच्या मनातलं एक वाक्य लिहून घ्या.