ट्रेलर चालतो, सिनेमा का चालत नाही?

वसमत किंवा सेनगावच्या एखाद्या घरात रविवारी दुपारी मराठी सिनेमा लावायचा म्हणून जुना लॅपटॉप काढला जातो. साइट उघडते, लॉगिन होतं, ट्रेलरही दिसतो. मात्र सिनेमा सुरू करताच पडदा काळा होतो आणि संरक्षित व्हिडिओ या ब्राउझरवर चालणार नाही, असा संदेश येतो. घरात दोन निदानं तयारच असतात. एक, नेट गेलं. दोन, पैसे कापले पण पॅक चालू झाला नाही.

बहुतेक वेळा दोन्ही चूक निघतात. नेट मंद असेल तर चित्र अडखळतं, गोल चक्र फिरत राहतं. पॅक संपला असेल तर साइट सरळ पैसे भरण्याच्या पानावर नेते. ट्रेलर चालून सिनेमा अडतो याचं कारण वेगळं आहे. ट्रेलरला बहुधा कुलूप नसतं. सिनेमा मात्र कूटबद्ध होऊन येतो आणि त्याची किल्ली वेगळ्या सर्व्हरकडून मागवावी लागते. ही किल्ली पान वाचणाऱ्या ब्राउझरच्या हाती पडत नाही, ती त्याच्यातल्या एका बंदिस्त घटकाला मिळते. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये त्याचं नाव वाइडवाइन. तो बनवणारी कंपनी गूगलने 2010 मध्ये विकत घेतली. ॲपलच्या सफारीत हेच काम फेअरप्ले करतं. हा घटक नसेल, बंद असेल किंवा फार जुना असेल तर किल्ली मिळत नाही.

‘कॅशे साफ करा’ हा सल्ला म्हणूनच इथे फारसा उपयोगी नाही. त्याने कुकीजही गेल्या तर पुन्हा लॉगिन करावं लागतं, एवढंच. वाइडवाइन दुसऱ्या जागी असतं. त्यापेक्षा क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत हे टाकून पाहा:

```
chrome://settings/content/protectedContent
chrome://components
```

पहिल्या पानावर संरक्षित मजकूर चालवण्याची परवानगी चालू हवी. दुसऱ्या पानावर Widevine Content Decryption Module शोधा. त्यापुढे 0.0.0.0 दिसलं तर तो उतरलेलाच नाही. तिथलंच अपडेटचं बटण दाबून ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये Play DRM-controlled content अशी चौकट असते. तिची खूण काढली की जुना घटक पुसला जातो, पुन्हा केली की नवा उतरतो. बिघडलेली प्रत बदलायला हा उपाय बरा.

आता समजा, आपल्या लॅपटॉपवर परवानगी चालू आहे, घटकही आहे, तरी चूक तीच येते. अशा वेळी ब्राउझरची आवृत्ती पाहावी. 109 दिसली आणि विंडोज 7 असेल, तर दुखणं सापडलं. विंडोज 7 वर चालणारं ते शेवटचं क्रोम, जानेवारी 2023 मधलं. वाइडवाइनच्या जुन्या आवृत्त्यांना किल्ली देणं कालांतराने थांबवलं जातं, कारण त्यांतल्या फटी लोकांना माहीत झालेल्या असतात. इथे क्रोम काढून पुन्हा टाकणं म्हणजे वेळ वाया. परत 109 च येणार. संगणकाला झेपत असेल तर नवं विंडोज टाकावं. लिनक्सवर गूगल क्रोम किंवा फायरफॉक्स चालतं, पण सोबत आलेल्या क्रोमियममध्ये वाइडवाइन अनेकदा नसतं. हे काहीच नको असेल तर फोनवरचं ॲप बरं.

लॅपटॉपवर चालणारा सिनेमा प्रोजेक्टरवर काळा दिसला की लोक प्रोजेक्टरला दोष देतात. संरक्षित चित्र बाहेरच्या पडद्याकडे जाताना एचडीसीपी नावाची तपासणी होऊ शकते, आणि जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए तारेत ती सोयच नाही. त्यामुळे काही साइट चित्र रोखतात, काही दर्जा उतरवतात. एचडीएमआयला व्हीजीएचा जोड लावूनही हा प्रश्न सुटेलच असं नाही. थेट एचडीएमआय तार लावून पाहिली की दोष कुठे आहे ते कळतं.

एचडीचे पैसे भरूनही फोनवर चित्र धूसर दिसतं, त्याचंही मूळ इथेच असू शकतं. वाइडवाइनच्या पहिल्या पातळीत, म्हणजे L1 मध्ये, कुलूप प्रोसेसरच्या सुरक्षित भागात उघडतं; L3 मध्ये सगळं सॉफ्टवेअरवर. L3 असलेल्या फोनला अनेक सेवा एचडी देतच नाहीत, मग मोबाइल टॉवर घराशेजारी का असेना. फोन घेण्याआधी दुकानदाराला हे विचारावं. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल तो न विचारता सांगतोच.

‘कुलूप तोडणारं’ एक्स्टेन्शन टाका, असं सुचवणारेही भेटतात. त्याने हरवलेलं वाइडवाइन परत येत नाही. अनोळखी एक्स्टेन्शनला मात्र आपली उघडलेली पानं वाचण्याची मुभा मिळू शकते. शिवाय कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 65अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. आपल्या पॅकमधला सिनेमा आपल्या ब्राउझरवर चालावा म्हणून वरची परवानगी चालू करणं यात येत नाही.