विश्लेषण : वकिलाची मागणी नोटीस आली, छोट्या कंपनीने उत्तर काय द्यावे?

रसायनी-पाताळगंगा औद्योगिक पट्ट्यातील मोहोपाड्याच्या एखाद्या छोट्या कंपनीच्या दारात पोस्टाने वकिलाची नोटीस येते. ‘१५ दिवसांत पैसे भरा, अन्यथा दावा’ असे वाचून काही मालक घाबरून ‘थोडा वेळ द्या, सगळे देतो’ असा व्हॉट्सअॅप करतात, तर काही नोटीस कपाटात टाकतात. नुकसान दोन्हींत होऊ शकते.

उदाहरण काय?

समजा, भिवंडीच्या पुरवठादाराने कंपनीला ६२ रुपये दराने ५,००० खोके पाठवले. बिल ३ लाख १० हजारांचे. त्यातील १,२०० खोके ओले निघाले. कंपनीने तिसऱ्या दिवशी फोटोंसह ई-मेल केला आणि ते खोके चलनावर परत केले. पुढे २ लाख रुपये भरले. आता नोटिशीत उरलेले १ लाख १० हजार आणि त्यावर १८ टक्के व्याज मागितले आहे.

‘देतो’ म्हटल्याने काय बिघडते?

मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मुदत कायदा, १९६३ च्या कलम १८ नुसार, ही मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने सही करून देणे लेखी मान्य केले, तर तीन वर्षे नव्याने मोजली जातात. त्यात नेमकी रक्कम लिहिलेली नसली तरी चालते. ‘देणे आहे, पण आता देणार नाही’ असे लिहिले तरी ती कबुलीच ठरू शकते. अकाउंटंटने सही करून दिलेले ‘बॅलन्स कन्फर्मेशन’ही अशाच प्रकारे पुढे येऊ शकते.

मग उत्तरात काय लिहावे?

आधी नोटीस मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहून पाकीट जपून ठेवावे. मग पर्चेस ऑर्डर, चलने, ई-मेल आणि बँकेच्या नोंदी तारखेनुसार लावाव्यात. उत्तर नोटिशीतील परिच्छेदांच्या क्रमानेच असावे. ‘माल खराब होता, तुम्ही फसवलेत’ असे न लिहिता, ‘अमुक तारखेला मिळालेल्या ५,००० खोक्यांपैकी १,२०० ओले होते, त्याच आठवड्यात ई-मेलने कळवले व चलनावर परत केले, त्यांची ७४,४०० रुपये किंमत देय असल्याचे कंपनीस मान्य नाही’ असे लिहावे. व्याजाबाबत आधी ऑर्डर पाहावी. तिच्यात १८ टक्क्यांची अट नसेल, तर तेवढेच नमूद करावे. ज्या मुद्द्याचे उत्तर दिले नाही तो मान्य समजू नये, असे एक वाक्य शेवटी असावे.

ठेवून घेतलेल्या ३,८०० खोक्यांची किंमत २,३५,६०० होते, म्हणजे ३५,६०० रुपये खरोखरच बाकी आहेत. ते नाकारणे खोटे ठरेल आणि बाकीच्या खऱ्या हरकतीचे वजनही जाईल. ही रक्कम बँकेतून भरावी आणि ती फक्त ३,८०० खोक्यांच्या किमतीपोटी आहे, असे पत्रात स्पष्ट लिहावे; नाहीतर तो भरणा संपूर्ण मागणीपोटी होता, असे म्हणायला जागा राहते. तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा असेल, तर तो या उत्तरात न मिसळता ‘हक्क अबाधित राखून’ स्वतंत्र पत्राने द्यावा.

न्यायालयांनी काय म्हटले?

‘मोबिलॉक्स’ विरुद्ध ‘किरुसा’ खटला या संदर्भात महत्त्वाचा आहे. ‘नच बलिये’ कार्यक्रमाच्या मतदानाचे काम मोबिलॉक्सने किरुसाकडे दिले होते. गोपनीयतेचा करार मोडला म्हणून पैसे रोखत असल्याचे मोबिलॉक्सने जानेवारी २०१५ मध्येच कळवले. २३ डिसेंबर २०१६ ला दिवाळखोरी संहितेखाली मागणी नोटीस आली. २७ डिसेंबरला उत्तर गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबिलॉक्सच्या बाजूने निकाल दिला. वाद नोटिशीच्या आधीपासून असावा आणि तो केवळ सबब नसावा, ही त्यातील कसोटी. मोबिलॉक्सला तारले ते जुन्या पत्राने. उत्तराने त्याकडे वेळेत बोट दाखवले.

मुदत किती?

दिवाळखोरी संहितेच्या नोटिशीला १० दिवसांत वाद कळवावा लागतो. मार्च २०२० पासून तेथे थकबाकीची किमान मर्यादा १ कोटी रुपये आहे. त्यामुळे उदाहरणातील मागणी त्यात बसत नाही. चेक न वटल्याची नोटीस असेल, तर १५ दिवसांत रक्कम भरली नाही की फौजदारी तक्रारीचा मार्ग खुला होतो. तेथे नुसते उत्तर पुरत नाही.

पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर मालाबद्दलची लेखी हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांत घ्यावी लागते. ती न घेतल्यास माल स्वीकारला असे धरले जाते आणि थकल्यास चक्रवाढ व्याज लागते. त्यामुळे उदाहरणातल्या कंपनीचा खरा आधार तिसऱ्या दिवशीचा ई-मेल आहे. तो पाठवलाच नसेल, तर वकिलाचे उत्तर कितीही नेटके असले तरी ती उणीव भरून निघणे कठीण.